बावीस दिवसांचा चार्ट: नव्या लिस्टिंगचा पहिला बेस कसा वाचला गेला

नुकत्याच लिस्ट झालेल्या एका कंपनीच्या शेअरमध्ये एका ट्रेडरने पहिल्या काही आठवड्यांत काय पाहिलं, कुठे अडखळल्या आणि शेवटी हाती काय लागलं, याची ही नोंद आहे. कंपनी आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. इश्यू भाव १०० धरून बाकीचे सगळे भाव त्याच प्रमाणात मांडले आहेत. शेअरसंख्या आणि व्हॉल्यूमही एका प्रमाणात बदलले आहेत, त्यामुळे गुणोत्तरं मूळचीच राहतात.

## पार्श्वभूमी

बाई दहा-बारा वर्षं स्विंग ट्रेडिंग करतात. पद्धत साधी आहे: शेअर काही आठवडे एका पट्ट्यात बसतो, त्याला त्या बेस म्हणतात. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकातून भाव वाढत्या व्हॉल्यूमसह बाहेर पडला, म्हणजे ब्रेकआउट झाला, की खरेदी करायची आणि खाली स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर घसरला तर विकून बाहेर पडायची पातळी, लावायचा. एका व्यवहारात एकूण भांडवलाच्या पाऊण टक्क्याहून जास्त धोका घ्यायचा नाही. जुन्या, रुळलेल्या शेअरमध्ये हे त्यांच्या हातात बसलं होतं. नव्या लिस्टिंगला त्या सहसा हात लावत नसत. ही कंपनी मात्र त्यांना व्यवसाय म्हणून पटली होती. प्रॉस्पेक्टस त्यांनी शेवटपर्यंत वाचलं होतं आणि वाटपात शेअर न मिळाल्याने बाजारातूनच घ्यायचं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी शेअर १२८ ला उघडला, १४१ पर्यंत गेला, ११९ पर्यंत खाली आला आणि १२४ ला बंद झाला. कंपनीचे एकूण शेअर दहा कोटी. त्यातले खऱ्या अर्थाने बाजारात फिरू शकणारे फक्त एक कोटी ऐंशी लाख होते. बाकीचे प्रवर्तकांकडे, जुन्या गुंतवणूकदारांकडे आणि लॉक-इनमध्ये, म्हणजे काही काळ विकायच्या बंदीत, अडकलेले. त्या एक कोटी ऐंशी लाखांच्या तुलनेत पहिल्या दिवशीचा व्हॉल्यूम होता दीड कोटी. एकच शेअर दिवसभरात चार हातांतून फिरतो, हे मान्य. तरीही वाटपात १०० ला मिळालेल्यांपैकी बरेच जण त्याच दिवशी बाहेर पडले आणि त्यांची जागा ११९ ते १४१ च्या दरम्यान विकत घेणाऱ्यांनी घेतली, एवढं या आकड्यावरून म्हणता येतं.

पुढच्या चार दिवसांत व्हॉल्यूम ६०, ४०, २८ आणि २२ लाखांवर उतरला आणि भाव चौथ्या दिवशी ११० पर्यंत घसरला. १४१ वरून ११० म्हणजे २२ टक्क्यांची घट. नव्या शेअरला एवढी घट जड नाही. पहिल्या दिवसाचा फुगा बसायला तेवढं लागतंच. बाईंना महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: भाव इश्यू भावाच्या जवळपासही आला नाही. दुसऱ्या आठवड्यात शेअर ११२ ते १२५ मध्ये फिरला, तिसऱ्यात १२० ते १३१ मध्ये. रोजचा व्हॉल्यूम दुसऱ्या आठवड्यात १६ लाखांवरून १० लाखांवर आणि तिसऱ्यात सहा ते नऊ लाखांवर आला. तळ वर सरकतोय, पट्टा आवळतोय, विकणारे आटताहेत. जुन्या शेअरमध्ये असं चित्र दिसलं असतं तर त्यांनी पुढचा विचार केला नसता.

## अडचण

अडचण अशी की त्या चित्राला आधार द्यायला एरवी जे असतं, त्यातलं काहीच इथे नव्हतं. ५० दिवसांची सरासरी नाही, २०० दिवसांची तर नाहीच. साप्ताहिक चार्टवर जेमतेम तीन कँडल. मागे कुठे अडथळा होता, कुठे आधार मिळाला होता, हे सांगणारा भूतकाळ नाही.

काही इंडिकेटर मात्र दिसत होते, आणि न दिसण्यापेक्षा ते दिसणं जास्त धोक्याचं होतं. सोळाव्या दिवशी बाईंनी दोन वेगवेगळ्या चार्टिंग साइटवर १४ दिवसांचा आरएसआय, म्हणजे चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये सांगणारा इंडिकेटर, पाहिला, तर एकीकडे तो पन्नाशीच्या उत्तरार्धात आणि दुसरीकडे सत्तरीच्या उंबरठ्यावर. शेअर एकच, दिवस एकच. कारण शोधायला त्यांना अर्धी संध्याकाळ लागली. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेल्या या इंडिकेटरमध्ये पहिले १४ दिवस साधी सरासरी घेतात आणि पुढे तीच सरासरी रोज थोडी थोडी पुढे ढकलत नेतात. जुन्या शेअरमध्ये सुरुवातीचा आकडा कधीच विरून गेलेला असतो. इथे तो अजून ताजा होता. एका साइटने पहिल्या दिवसाचा बदल इश्यू भावापासून मोजला होता, म्हणजे १०० वरून १२४, चोवीस अंकांची वाढ. दुसरीने पहिला दिवस बदलाच्या हिशोबात धरलाच नव्हता. एका दिवसाच्या या फरकाने दोन आठवड्यांनंतरही आकडा एवढा हलत असेल, तर त्यावर निर्णय कसला घ्यायचा? त्यांनी आरएसआय चार्टवरून काढून टाकला. घातांकी सरासऱ्यांचंही तेच, कारण त्यांचीही सुरुवात कुठून धरली यावर पहिले काही आठवडे अवलंबून असतात.

व्हॉल्यूमचा गोंधळ याहून मोठा होता, पण तो त्यांना तेव्हा जाणवला नाही. त्याकडे पुढे येऊ.

मग वाचायला उरलं काय? बाईंनी वहीत चार गोष्टी लिहिल्या. इश्यू भाव १००. लिस्टिंगचा पहिला भाव १२८. पहिल्या दिवसाची वरची आणि खालची टोकं, १४१ आणि ११९. आणि लिस्टिंगच्या पहिल्या व्यवहारापासून मोजलेला व्हीवॅप, म्हणजे झालेल्या प्रत्येक व्यवहाराला त्याच्या व्हॉल्यूमचं वजन देऊन काढलेली सरासरी किंमत. या शेवटच्या आकड्याला इतिहास लागत नाही, लिस्टिंग हाच त्याचा आरंभ. जुन्या शेअरमध्ये व्हीवॅप कुठून मोजायचा यावर वाद होतो. इथे बाजारातून घेणाऱ्या सगळ्यांची गोळाबेरीज सरासरी खरेदी किंमत मिळते, अगदी नेमकी नसली तरी कामापुरती. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती १२१.८ होती आणि भाव तिच्या खाली, म्हणजे बाजारातून घेतलेला सरासरी माणूस तोट्यात. तिसऱ्या आठवड्यात भाव १२२ च्या वर येऊन टिकला. तोट्यात अडकलेल्यांना बरोबरीला सुटायची संधी मिळाली, आणि तरीही विक्रीचा लोट आला नाही. माझ्या मते या बेसमधली सर्वांत बोलकी खूण हीच होती.

## समोरचे पर्याय

पंधराव्या दिवशी शेअरने १३१ ला टोक केलं आणि मागे आला. बाईंच्या समोर दोन प्रश्न होते. ब्रेकआउट कुठे मानायचा, आणि लॉक-इनचं काय करायचं.

पहिल्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर १४१. बेसचं डावं टोक तेच आहे. पण ते टोक पहिल्या दिवसाच्या पहिल्या अर्ध्या तासातलं होतं. तिथे फार थोडे व्यवहार झाले होते, कँडलवर ती फक्त एक लांब बारीक वात होती. १४१ ला घेऊन अडकलेले लोकच थोडे, मग तिथला अडथळा किती खरा? उलट १२८ ते १३१ च्या पट्ट्यात शेअर वारंवार थबकत होता आणि लिस्टिंगचा पहिला भावही तिथेच होता. बाईंनी १३१ हा आपला पिव्होट, म्हणजे ब्रेकआउट मानायची पातळी, ठरवला. १४१ ला दुसरी चाचणी म्हणून ठेवलं, तिथे भर घालायची की नाही हे नंतर पाहायचं.

दुसरा प्रश्न अवघड होता. प्रॉस्पेक्टसप्रमाणे लॉक-इनमधल्या सत्तर लाख शेअरपैकी निम्मे, म्हणजे ३५ लाख, लिस्टिंगच्या विसाव्या व्यवहार-दिवसाच्या सुमारास खुले होणार होते आणि उरलेले आणखी दोन महिन्यांनी. हे नियम बाजारागणिक बदलतात. भारतात एप्रिल २०२२ पासून अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे इश्यू खुला होण्याआधीच अर्ज करणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर वाटपाच्या तारखेपासून ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी मोकळे होतात. अमेरिकेत सहसा १८० दिवसांचा करार असतो. तारखा कॅलेंडर दिवसांत मोजतात आणि त्यांची सुरुवात बहुधा वाटपापासून होते, लिस्टिंगपासून नव्हे. एवढी एक गोष्ट चुकली तरी दोन-चार दिवसांचा फरक पडतो.

३५ लाख शेअर म्हणजे किती? बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या साधारण १९ टक्के. पण बाईंनी ते रोजच्या व्हॉल्यूमशीही ताडून पाहिलं. त्या सुमारास रोज सरासरी सात लाखांची उलाढाल होती. म्हणजे सगळे शेअर विक्रीला आले, तर पाच दिवसांचा पूर्ण व्हॉल्यूम. व्हॉल्यूम आटत जाणं हे एकीकडे चांगलं लक्षण, पण त्याच कारणाने बाहेरून येणारा माल पचवायची ताकदही तेवढीच कमी दिसते.

अशा दिवशी काय होईल हे आधी सांगता येत नाही. फेसबुकचंच पाहा. मे २०१२ मध्ये ३८ डॉलरला आलेला शेअर १६ ऑगस्टला पहिल्या टप्प्याचे सुमारे २७ कोटी शेअर खुले झाले तेव्हा सहा टक्क्यांहून अधिक पडला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला ८० कोटींच्या आसपास शेअर खुले झाले, आणि त्या दिवशी तो बारा टक्क्यांहून जास्त चढला. माल येणार हे सगळ्यांनाच माहीत असतं. प्रश्न एवढाच असतो की त्याची तयारी भावात आधीच झाली आहे का.

बाईंच्या वहीत पर्याय असे होते. १३१ ओलांडताच पूर्ण खरेदी. १३१ ला थोडी आणि लॉक-इन पार पडल्यावर बाकीची. लॉक-इनच्या दिवसापर्यंत काहीच न करणं. किंवा १४१ च्या वर बंद होईपर्यंत वाट पाहणं. शेवटचा पर्याय सुरक्षित वाटतो, पण १४१ ला घेतल्यावर स्टॉपलॉस ठेवायला जवळपास जागाच नव्हती. १२४ च्या तळाखाली ठेवला तर १२ टक्क्यांहून जास्त अंतर पडत होतं.

## काय केलं

सतराव्या दिवशी शेअर १३१ च्या वर गेला. बाईंनी दुसरा पर्याय घेतला. ठरलेल्या पूर्ण खरेदीच्या एक तृतीयांश, म्हणजे भांडवलाच्या चार टक्के, १३१.५ ला घेतले. स्टॉपलॉस १२३ ला, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या उत्तरार्धातल्या १२४ च्या तळाखाली. त्या दिवशी भाव १३२.५ पर्यंत गेला, पण व्हॉल्यूम नऊ लाखांवरच थांबला आणि शेअर १२९ ला बंद झाला. ब्रेकआउट फसला होता. पुढचे दोन दिवस १२८ आणि १२७.५, व्हॉल्यूम सहा आणि पाच लाख. घेणारेही थांबले होते, विकणारेही. सगळे जण त्याच तारखेची वाट पाहत बसल्यासारखे.

विसाव्या दिवशी शेअर १२७ ला उघडला आणि पहिल्या तासात १२२.५ पर्यंत आला. १२३ चा स्टॉपलॉस लागला आणि बाई बाहेर पडल्या. त्यानंतर भाव फिरला. दिवसाचं वरचं टोक १३१ आणि बंद भाव १२९.५. व्हॉल्यूम २६ लाख, म्हणजे आदल्या दिवसाच्या पाचपट. दिवसाच्या एकूण पट्ट्याचा खालचा चार-पंचमांश भाग पार करून भाव वरच्या टोकाजवळ बंद झाला होता. खुल्या झालेल्या ३५ लाखांपैकी किती विकले गेले, हे चार्टवर कळत नाही. पण त्या दिवशी जे विकायला आलं, ते सगळं कोणीतरी घेतलं आणि भाव खाली राहू दिला नाही, इतकं स्पष्ट होतं.

बाईंचा जुना नियम असा की स्टॉपलॉस लागलेल्या शेअरमध्ये त्याच दिवशी परत जायचं नाही. चिडून केलेले सौदे टाळायला त्यांनी तो स्वतःला घालून घेतलेला आहे आणि एरवी तो त्यांना वाचवतोही. तो पाळून त्या बाजूला राहिल्या. एकविसाव्या दिवशी बंद भाव १३०.५ आणि व्हॉल्यूम १२ लाख, बाविसाव्या दिवशी १३० आणि आठ लाख.

तेविसाव्या दिवशी शेअरने १३१ ओलांडला आणि १३६ ला बंद झाला. व्हॉल्यूम २१ लाख. बाईंच्या स्क्रीनरवर मात्र हा शेअर आला नाही. त्यांची अट अशी की ब्रेकआउटच्या दिवशीचा व्हॉल्यूम ५० दिवसांच्या सरासरीच्या दीडपट तरी हवा. त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसणाऱ्या एका ज्येष्ठ ट्रेडरशी झालेलं बोलणं त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे.

“दादा, भाव सुटलाय, पण व्हॉल्यूम सरासरीइतकाच आहे. परत फसेल.”

“सरासरी कशाची धरलीस?”

“पन्नास दिवसांची.”

“अगं, शेअरला जन्मून तेवीस दिवस झालेत. पन्नास आणलेस कुठून?”

सॉफ्टवेअर पन्नास दिवस उपलब्ध नसले की असतील तेवढ्या दिवसांची सरासरी मुकाट काढून देतं. आदल्या बावीस दिवसांचा एकूण व्हॉल्यूम ४ कोटी ६९ लाख, सरासरी २१ लाखांच्या थोडी वर. पण त्यातले तीन कोटी फक्त पहिल्या पाच दिवसांचे होते, आणि दीड कोटी एकट्या लिस्टिंगच्या दिवसाचे. ती सरासरी शेअरचा रोजचा व्यवहार सांगतच नव्हती, ती लिस्टिंगची गर्दी सांगत होती. पहिले दोन दिवस वगळून २० दिवसांची सरासरी घेतली तर १३ लाख येते आणि तेविसावा दिवस त्याच्या १.६ पट ठरतो. बाईंनी त्याहून सोपा मार्ग घेतला. आदल्या दहा दिवसांचा मध्यक काढला, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधोमधचा आकडा. लॉक-इनच्या दिवसाचे २६ लाखही त्यात असताना तो साडेसात लाख आला. एकच दिवस कितीही फुगला तरी मध्यकाला फारसा धक्का बसत नाही, म्हणून नव्या शेअरला तो सरासरीपेक्षा बरा. पहिल्या ओळीत शीर्षक आणि E स्तंभात रोजचा व्हॉल्यूम असेल, तर तेविसाव्या दिवसासाठी सूत्र असं:

```
=E24/MEDIAN(E14:E23)
```

उत्तर २.८ आलं. ज्या ब्रेकआउटला स्क्रीनर नेहमीसारखा दिवस म्हणत होता, तो प्रत्यक्षात नेहमीच्या जवळपास तिप्पट उलाढालीचा होता. आणि हेच माप सतराव्या दिवसाला लावलं तर? त्याच्या आदल्या दहा दिवसांचा मध्यक साडेआठ लाखांच्या घरात, त्या दिवशीचा व्हॉल्यूम नऊ लाख. म्हणजे गुणोत्तर एकाच्या आसपास. पहिला ब्रेकआउट पोकळ होता, हे त्याच दिवशी कळण्यासारखं होतं.

चोविसाव्या दिवशी बाईंनी १३७ ला भांडवलाच्या आठ टक्के खरेदी केली. पिव्होटपासून साडेचार टक्के वर, म्हणजे त्यांच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत बसेल इतपतच. स्टॉपलॉस तेविसाव्या दिवसाच्या १२८.५ च्या तळाखाली, १२८ ला. भांडवलावरचा धोका अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर.

## निकाल

सत्ताविसाव्या दिवशी शेअर १८ लाखांच्या व्हॉल्यूमसह १४१ च्या वर, १४३ ला बंद झाला. पहिल्या दिवसाच्या त्या बारीक वातीने अपेक्षेप्रमाणे फार काही अडवलं नाही. छत्तिसाव्या दिवशी भाव १५८ ला पोचला.

लिस्टिंगनंतरचे पहिले तिमाही निकाल जवळ येत होते. नव्या कंपनीच्या बाबतीत ही तारीख जास्त नाजूक असते. व्यवस्थापन काय बोलतं आणि प्रत्यक्षात काय करतं, याचा बाजाराला अजून अनुभव नसतो. शिवाय प्रॉस्पेक्टसमधली तिमाही आणि आताची तिमाही यांची तुलना पहिल्यांदाच होते. बाईंनी निकालाआधी अर्धा माल १५६ ला विकला. निकाल साधारण आले, शेअर खाली उघडला आणि १४६ ला २० दिवसांच्या साध्या सरासरीच्या खाली बंद झाला, तेव्हा उरलेलाही सोडला. तोवर या सरासरीत लिस्टिंगच्या आठवड्यातला एकही दिवस उरला नव्हता, त्यामुळे तिच्यावर विसंबणं रास्त होतं.

हिशोब असा: पहिल्या खरेदीत भांडवलाच्या ०.२६ टक्के तोटा. दुसऱ्या खरेदीच्या अर्ध्या भागावर जवळपास १४ टक्के आणि उरलेल्यावर साडेसहा टक्के नफा, म्हणजे भांडवलावर ०.८ टक्के. निव्वळ अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर, खर्च आणि कर वगळून. फुशारकी मारावी असं काही नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

स्टॉपलॉसची जागा हा पहिला मुद्दा. लॉक-इनच्या आदल्या दिवशी लिस्टिंगपासूनचा व्हीवॅप १२२ च्या आसपास होता आणि विसाव्या दिवशीचा तळ १२२.५. भाव नेमका तिथूनच फिरला. १२३ चा स्टॉपलॉस चार दिवसांच्या एका किरकोळ तळाखाली होता, पण ज्या रेषेकडे बाईंनी दोन आठवडे लक्ष ठेवलं होतं तिच्या वर. तो १२० ला ठेवून खरेदी त्या प्रमाणात लहान केली असती, तर लागला नसता. हे मागे वळून पाहताना सोपं वाटतं, पण व्हीवॅप वहीत आधीपासून लिहिलेला होता, त्यामुळे ही तक्रार रास्त आहे.

लॉक-इनच्या तीन दिवस आधी खरेदी करणं मला मुळात पटत नाही, थोडीशीही. इतर बऱ्याच घटनांची तारीख अंदाजाने धरावी लागते, ही मात्र छापलेली होती. तिच्या अलीकडे घेण्यात जेवढा फायदा होता (तीन-चार टक्के स्वस्त भाव), तेवढाच पलीकडे थांबून मिळणाऱ्या माहितीचा होता. ज्येष्ठांचं मत याच्या उलट आहे. त्यांच्या मते लहान खरेदीमुळे बाईंचं लक्ष शेअरवर टिकलं, नाहीतर त्या स्टॉपलॉसनंतरचा उलटा फेरा त्यांनी पाहिलाच नसता. यात तथ्य आहे, पण लक्ष टिकवायला पैसे लावावे लागत असतील तर अलर्ट लावणं स्वस्त पडेल.

सर्वांत चांगली खरेदीची जागा हातातून गेली ती विसाव्या दिवशी बाजार बंद होताना. १२९.५ ला घेऊन १२२ च्या खाली स्टॉपलॉस, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत धोका. तेही माल येऊन पचल्याचा पुरावा डोळ्यांसमोर असताना. त्याच दिवशी परत न जाण्याच्या नियमाने इथे अडवलं. तो नियम मोडावा असं मी म्हणणार नाही. पण स्टॉपलॉस लागण्याचं कारण शेअरची कमजोरी नसून आधीच जाहीर झालेली घटना असेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने विचार करायला त्याची आडकाठी नव्हती. एकविसावा आणि बाविसावा असे दोन पूर्ण दिवस शेअर १३० च्या आसपास शांत बसला होता.

तरीही लॉक-इनच्या दिवशी भाव वर बंद झाला की घ्यायचं, असं समीकरण या प्रकरणावरून बांधू नये. त्याच हंगामात त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या एका नव्या शेअरवर बाईंची नजर होती. तोही लॉक-इन संपण्याच्या दिवशी खाली जाऊन वर बंद झाला आणि चार दिवसांनी तो तळ मोडून गेला. दोन्ही चार्ट शेजारी ठेवले तर फरक त्या दिवसात दिसत नाही, नंतरच्या दोन दिवसांत दिसतो. आपल्या शेअरचा व्हॉल्यूम २६ लाखांवरून १२ आणि मग आठ लाखांवर उतरला आणि भाव जागेवर राहिला. दुसऱ्या शेअरचा व्हॉल्यूम उतरलाच नाही. दोन्ही दिवस तो जवळपास तेवढाच राहिला आणि बंद भाव रोज थोडा खाली येत गेला. विकणाऱ्याचा माल संपलेला नव्हता.